कार्ट सोडून गेलेल्या ग्राहकाला तीनच मेल पुरे

समजा, खामगावच्या चांदी बाजारातील एका दुकानाची वेबसाइट आहे. ग्राहकाने पैंजण कार्टमध्ये टाकले. पण पैसे न भरताच तो निघून गेला. दोन दिवसांत त्याला पाच मेल जातात. ‘विसरलात का?’ पासून ‘फक्त एकच नग शिल्लक’ पर्यंत!

यातले तीनच ठेवावेत आणि प्रत्येकाला वेगळे काम द्यावे. पहिला तासाभराने: पैंजणाचा फोटो आणि कार्टची लिंक. पेमेंट अडकले असेल तर एवढ्याने भागते. दुसरा एक दिवसाने: वजन, शुद्धता, डिलिव्हरीचा खर्च, परतीचे नियम. ग्राहक बहुधा इथेच अडलेला असतो. तिसरा तीन दिवसांनी: चांदीचा भाव बदलला असेल तर नवी किंमत, आणि ‘यानंतर मेल येणार नाही’ हा शब्द. तो पाळायचाही.

प्रत्येक मेल सुटण्याआधी सिस्टिमने ऑर्डर तपासावी. खरेदी झाली की साखळी थांबली पाहिजे. साठा भरपूर असताना ‘एकच नग’ लिहिणे ही केंद्राच्या २०२३ च्या डार्क पॅटर्नविषयक मार्गदर्शक सूचनांनुसार खोटी घाई ठरते.

पुढे काय छाटावे? ज्या मेलनंतर ऑर्डरपेक्षा अनसबस्क्राइब जास्त येतात, तो मेल.