फाईल आली, अक्षरं राहिली

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चे मोफत सुरक्षा अपडेट बंद केले. माझा लॅपटॉप त्या आधीपासूनच कुरकुरत होता. तो विंडोज ११ घ्यायला तयार नव्हता, म्हणून आमच्या देऊळगाव राजाहून जालन्याला जाऊन नवा घेतला. दुकानदार म्हणाला, “सर, जुना ठेवून जा, सगळं ट्रान्सफर करून देतो. उद्या जुना फॉरमॅट मारून एक्स्चेंजमध्ये घेऊ.” मी फॉरमॅटला नाही म्हणालो. त्या एका ‘नाही’ने काय वाचलं, ते लिहितो. उर्दू आणि मराठी दोन्ही लिहिणाऱ्या प्रत्येकावर ही वेळ येणार आहे, आणि दुकानदाराच्या ‘सगळं’मध्ये आपलं सगळं येत नाही, असं माझं स्पष्ट मत झालं आहे.

आमच्या शाळेतले एक ज्येष्ठ शिक्षक, आता मरहूम, यांनी उर्दू माध्यमाच्या मुलांसाठी उर्दू-मराठी शब्दसंग्रह तयार केला होता. उर्दू भाग इनपेजमध्ये, मराठी भाग वर्डमध्ये DVB-TTSurekh या फॉन्टात. छापील प्रत एकच, तीही झेरॉक्सची झेरॉक्स. नव्या लॅपटॉपवर मी मराठीची फाईल उघडली तर पानभर इंग्रजी अक्षरं, कंस आणि उद्गारचिन्हं. इनपेजची फाईल तर उघडलीच नाही.

मराठीच्या फाईलला काही झालेलं नव्हतं. युनिकोडच्या आधीच्या या फॉन्टांत ‘क’ हा ‘क’ म्हणून साठवलेला नसतोच. साठवलेली असतात इंग्रजी संचातली चिन्हं, आणि फॉन्ट त्या चिन्हांच्या जागी देवनागरीचे तुकडे रंगवतो. फॉन्ट सोबत आला नाही की रंग उडतो आणि खालची चिन्हं दिसतात. घाबरून अशी फाईल काढून टाकणारे लोक मी पाहिले आहेत. उपाय साधा आहे: जुन्या यंत्रातला फॉन्ट उचलून नव्यात बसवायचा. तो बहुधा `C:\Windows\Fonts` मध्ये असतो. पण विंडोज १० मध्ये एखादा फॉन्ट फक्त त्या वापरकर्त्यापुरता बसवलेला असेल, तर तो `%LOCALAPPDATA%\Microsoft\Windows\Fonts` मध्ये लपलेला असतो. माझा तिथेच सापडला.

इनपेजची गोष्ट वेगळी होती, तिथे आडवा आला परवाना. आमच्या शाळेची जुनी प्रत यूएसबी लॉकवर चालायची, म्हणजे ती छोटी चावी लावल्याशिवाय प्रोग्राम उघडत नाही. चावी माझ्या खिशात होती, तरी नवा लॅपटॉप तिला ओळखेना. विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्ये येतं आणि चावीचा जुना ड्रायव्हर ३२ बिटचा. असा ड्रायव्हर तिथे चढतच नाही. जुना लॅपटॉप फॉरमॅट झाला असता तर चावी आणि फाईल दोन्ही हातात असूनही शब्दसंग्रह बंदच राहिला असता.

ज्या सॉफ्टवेअरला चावी नसून नंबर टाकून ऑनलाईन नोंदणी असते, त्यांचा पेच उलटा आहे. त्यांचा परवाना बहुतेकदा ठरावीक यंत्रांपुरता असतो. जुन्या यंत्रावर आधी तो निष्क्रिय करावा लागतो. मेनूत `Deactivate` किंवा `Sign out` असं काही असतं. ते न करता डिस्क पुसली, तर कंपनीच्या हिशेबात परवाना त्या मेलेल्या यंत्रावरच चालू राहतो. लॅपटॉपसोबत आलेलं विंडोज मात्र त्या यंत्राचंच असतं. ते सोबत नेता येत नाही, त्याची आशा सोडावी.

आता फाईलींकडे. दुकानात फक्त Documents उचललं होतं. आपल्याकडे निम्मा संसार D: मध्ये असतो, हे त्या मुलाच्या ध्यानात नव्हतं. मी घरी येऊन हार्डडिस्क लावली आणि जुन्या लॅपटॉपवर हा आदेश दिला:

```
robocopy D:\ E:\juna\D /E /XJ /R:1 /W:1 /XD "$RECYCLE.BIN" "System Volume Information" /UNILOG:E:\D-yadi.txt
```

माऊसने ओढून कॉपी केली तरी फाईली येतात, पण काय राहिलं याची यादी मिळत नाही. इथे मिळते. `/UNILOG` मुद्दाम लिहिलं आहे. नुसतं `/LOG` दिलं की उर्दू आणि मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हं येऊ शकतात आणि यादी असून नसल्यासारखी होते. यादीच्या तळाशी `FAILED` नावाचा रकाना आहे. माझ्याकडे तिथे २ होते. वर शोधलं तर दोन्हींपुढे `ERROR 32`, म्हणजे फाईल दुसऱ्या प्रोग्रामात उघडी आहे. मीच इनपेज उघडं ठेवलं होतं! बंद करून तोच आदेश पुन्हा दिला, आकडा शून्य झाला. दुसऱ्या वेळी तो फक्त राहिलेलं आणि बदललेलंच उचलतो, म्हणून दोन मिनिटांत झालं.

बुकमार्कचं थोडक्यात सांगतो. क्रोममध्ये `chrome://bookmarks` उघडून कोपऱ्यातल्या तीन ठिपक्यांतून `Export bookmarks` केलं की एक एचटीएमएल फाईल मिळते, ती नव्यात `Import bookmarks` करायची. दोन गोष्टी फसवतात. त्या फाईलीत पासवर्ड नसतात. आणि ती एकाच प्रोफाईलची असते. माझं घरचं आणि शाळेचं प्रोफाईल वेगळं; दुकानात घरचंच निघालं होतं. शाळेच्या कामाच्या सगळ्या खुणा गायब दिसल्या तेव्हा उजव्या कोपऱ्यातल्या गोल चित्रावर टिचकी मारून दुसरं प्रोफाईल उघडलं आणि तिथूनही निर्यात केली. (पासवर्डची निर्यात केलेली फाईल साध्या मजकुरात असते, कुणीही वाचू शकतं. नव्यात चढवली की लगेच पुसा. स्टाफरूमच्या पेनड्राईव्हवर तर मुळीच नको.)

पुन्हा शब्दसंग्रहाकडे येतो, कारण माझा आग्रह त्यासाठीच आहे. फॉन्ट नेऊन आणि चावी सांभाळून आपण फक्त पुढच्या लॅपटॉपपर्यंतची सोय करतो. जुनं यंत्र चालू आहे तोवरच मजकूर युनिकोडमध्ये आणला पाहिजे, कारण मूळ पान कसं दिसत होतं ते फक्त तिथेच दिसतं. मी दोन्ही लॅपटॉप शेजारी ठेवून हे काम करतो आहे. कन्व्हर्टर बरंच करतो, पण चुका ठरलेल्या जागी होतात. मराठीत रफार आणि ‘ऱ्या’ बिघडतात, पहिली वेलांटी शेजारच्या अक्षरावर जाऊन बसते, आणि मध्येच आलेला खरा इंग्रजी शब्दही देवनागरीचा कचरा होतो. उर्दूत आकडे उलटतात: १९८१ चं १८९१ होतं आणि वाचताना ते खरंच वाटतं. दुसरी चूक तर डोळ्यांना दिसतच नाही. उर्दूच्या ‘ये’ आणि ‘काफ’च्या जागी अरबीचे ‘ये’ आणि ‘काफ’ बसतात. शब्दाच्या मध्ये आले तर ‘ये’चा आकार तोच दिसतो, पण संगणकाच्या लेखी अक्षर वेगळं. ‘किताब’ समोर लिहिलेला असतो आणि शोधला तर सापडत नाही. म्हणून मी प्रत्येक पानावर माहीत असलेले चार-पाच शब्द टाईप करून शोधतो. सापडले नाहीत तर ते अक्षर पूर्ण फाईलीत एकदम बदलून घेतो.

एकशे चाळीस पानांपैकी शहाण्णव झाली आहेत. दुकानातून एक्स्चेंजसाठी दोनदा फोन येऊन गेला. जुना लॅपटॉप कपाटावर आहे, चावी त्याच्याच बाजूला चिकटपट्टीने लावून ठेवली आहे.