घरचे स्थळं बघतायत आणि जोडीदार दुसऱ्या धर्माचा आहे. विशेष विवाह कायद्याचे 'ते' ३० दिवस कसे असतात?

तुळशीचं लग्न लागलं की घराघरात स्थळांच्या फोनाफोनीला वेग येतो. बायोडेटा फिरतात, पत्रिका जुळवल्या जातात, 'एकदा बघून तर घे' असा आग्रह सुरू होतो. मुलीचं किंवा मुलाचं आधीच कुणाशी जमलेलं असेल आणि ती व्यक्ती दुसऱ्या धर्माची असेल, तर हे दिवस फार अवघड जातात. घरी सांगायचं कधी? आधी लग्न की आधी कबुली?

या प्रश्नाचं उत्तर बरेच जण फक्त भावनेच्या बाजूने शोधतात. प्रत्यक्षात त्याचा मोठा भाग कायद्याच्या वेळापत्रकावर अवलंबून असतो, कारण आंतरधर्मीय जोडप्याला आज ठरवून उद्या कोर्ट मॅरेज करता येत नाही. मध्ये किमान ३० दिवस जातात. घरच्यांना कळण्याची शक्यता याच दिवसांत सर्वांत जास्त असते.

आंतरजातीय आणि आंतरधर्मीय लग्नात फरक काय?

दोघंही हिंदू असतील आणि फक्त जात वेगळी असेल, तर हिंदू विवाह कायदा, १९५५ नुसार लग्न करता येतं. त्यासाठी आगाऊ नोटीस लागत नाही. लग्न विधीपूर्वक लावायचं आणि नंतर त्याची नोंदणी करायची. या कायद्यात बौद्ध, जैन आणि शीख यांचाही समावेश होतो.

एक जण हिंदू आणि दुसरा मुस्लीम किंवा ख्रिश्चन असेल, तर हा मार्ग बंद होतो. हिंदू आणि ख्रिश्चन व्यक्तींचं हिंदू पद्धतीने लागलेलं लग्न हिंदू विवाह कायद्यानुसार वैध ठरत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये स्पष्ट केलं. मुस्लीम पुरुष आणि हिंदू स्त्रीचा धर्मांतराशिवाय झालेला निकाह 'अनियमित' ठरतो, असं याच न्यायालयाने २०१९ मध्ये सांगितलं. अशा लग्नातली मुलं औरस ठरतात, पण पत्नीला पतीचा वारसाहक्क मिळत नाही.

म्हणून 'आता देवळात उरकून टाका, पुढचं पुढे बघू' ही घरच्यांची तडजोड ऐकायला बरी वाटली, तरी त्यावर विसंबून राहणं धोक्याचं आहे. दोघांनाही आपापला धर्म ठेवून लग्न करायचं असेल, तर विशेष विवाह कायदा, १९५४ हा मार्ग आहे. देवळातला, चर्चमधला किंवा घरगुती समारंभ त्याशिवाय वेगळा करता येतो.

नोटीस नेमकी कुठे लागते?

एक उदाहरण घेऊ. समजा, कोल्हापूर जिल्ह्यातली २७ वर्षांची हिंदू तरुणी पुण्यात नोकरी करते. तिचा जोडीदार सोलापूरचा, मुस्लीम, तोही पुण्यातच राहतो. घरच्यांनी तिच्यासाठी एक स्थळ जवळपास नक्की केलं आहे आणि डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात साखरपुडा करायचा त्यांचा बेत आहे.

दोघांपैकी किमान एक जण ज्या जिल्ह्यात सलग ३० दिवस राहत आहे, तिथल्या विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस देता येते. म्हणजे पुण्यात नोटीस देण्यात अडचण नाही. समजा, त्यांनी १० नोव्हेंबरला नोटीस दिली आणि ती त्याच दिवशी कार्यालयातल्या फलकावर लागली.

अनेक जोडप्यांचा अंदाज चुकतो तो इथेच. त्यांना वाटतं, पुण्यातल्या फलकावर लागलेला कागद गावी कोण बघणार? पण कायद्याच्या कलम ६ नुसार, जोडप्यातल्या कुणाचा कायमचा पत्ता दुसऱ्या जिल्ह्यातला असेल, तर नोटिशीची प्रत त्या जिल्ह्याच्या विवाह अधिकाऱ्याकडे जाते आणि तिथल्या फलकावरही लागते. म्हणजे या उदाहरणात नोटीस पुण्यासोबत कोल्हापूर आणि सोलापूरलाही पोहोचते. शिवाय नोटिशींची वही कुणीही विनाशुल्क पाहू शकतं.

या तरतुदीमुळे खासगीपणाचा भंग होतो, असा आक्षेप अनेक वर्षं घेतला जातो. अलाहाबाद उच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ मध्ये नोटीस प्रसिद्ध करणं जोडप्याच्या इच्छेवर सोडलं. पण कायद्याच्या मजकुरात नोटिशीची अट कायम आहे. महाराष्ट्रातल्या जोडप्यांनी ती गृहीत धरूनच नियोजन केलेलं बरं.

आई-वडील लग्न थांबवू शकतात का?

नोटीस लागल्यापासून ३० दिवसांत कुणीही हरकत घेऊ शकतं, आई-वडीलसुद्धा. पण हरकतीची कारणं ठरलेली आहेत. मुलगा २१ किंवा मुलगी १८ वर्षांची नसणं, दोघांपैकी कुणाचा आधीचा जोडीदार हयात असून ते लग्न कायम असणं, दोघं निषिद्ध नात्यात असणं, किंवा कुणी मानसिक आजारामुळे वैध संमती देण्याच्या स्थितीत नसणं. 'आम्हाला हे मान्य नाही', 'धर्म वेगळा आहे' किंवा 'आम्ही दुसरीकडे शब्द दिलाय' ही कायद्याच्या दृष्टीने हरकत ठरत नाही.

तरीही हरकत नोंदवली गेली की वेळ जातो. विवाह अधिकाऱ्याला चौकशी करून ३० दिवसांत निर्णय द्यावा लागतो. निर्णय विरोधात गेला, तर जोडप्याला ३० दिवसांत जिल्हा न्यायालयात अपील करता येतं. हरकत वाजवी नव्हती आणि चांगल्या हेतूने घेतलेली नव्हती असं आढळलं, तर हरकत घेणाऱ्याला खर्चापोटी एक हजार रुपयांपर्यंत भरपाई द्यायला लावता येते. ही रक्कम इतकी किरकोळ आहे की तिने फारसं कुणी थांबत नाही.

उदाहरणातल्या जोडप्याचं गणित आता मांडू. हरकत आली नाही, तर ११ डिसेंबरपासून ते लग्न करू शकतात. लग्नाला तीन साक्षीदार लागतात आणि ते घरचेच असावेत अशी अट नाही. ५ डिसेंबरला हरकत आली, तर निर्णय जानेवारीच्या सुरुवातीपर्यंत लांबू शकतो, म्हणजे घरच्यांनी ठरवलेल्या साखरपुड्याच्याही पुढे. आणि नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांत, म्हणजे साधारण १० फेब्रुवारीपर्यंत लग्न झालं नाही आणि प्रकरण अपिलातही नसेल, तर नोटीस रद्द होते आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून करावं लागतं.

मग घरी सांगायचं कधी?

नोटीस गावच्या जिल्ह्यातही लागणार असेल, तर 'आधी लग्न, मग कबुली' ही योजना बहुतेक वेळा जोडप्याच्या हातात राहत नाही. कार्यालयात काम असलेला एखादा ओळखीचा माणूस किंवा फलकाचा मोबाइलवर काढलेला फोटो पुरेसा असतो. मुलीने तोंडाने सांगितलेली गोष्ट आणि तिसऱ्याने फोनवर पाठवलेला कागद, यातल्या दुसऱ्या धक्क्यात आई-वडिलांना फसवणुकीचं दुःखही होतं. म्हणून मारहाणीचा किंवा कोंडून ठेवण्याचा धोका नसेल, तर नोटिशीच्या आधी सांगणं सोयीचं ठरतं. पाहुण्यांनी भरलेल्या घरात सांगण्यापेक्षा आई किंवा वडील, ज्यांच्याशी जास्त बोलणं होतं त्यांना एकट्याने गाठणं बरं. त्याआधी कुणा मुलाला होकार दिलेला नसणं महत्त्वाचं आहे. 'बघायला काय जातंय' म्हणून दिलेला होकार पुढे घरच्यांची सगळ्यात मोठी तक्रार बनतो आणि त्यात तिसऱ्याच कुटुंबाची अडचण होते.

आई-वडिलांचे सगळेच प्रश्न 'लोक काय म्हणतील' इथे संपत नाहीत. काही भीतींना कायद्यात नेमकी उत्तरं आहेत आणि ती माहीत असली तर बोलणं पुढे सरकतं.

'तुला धर्म बदलायला लावतील' या भीतीचं उत्तर असं की या लग्नासाठी धर्म किंवा नाव बदलावं लागत नाही. 'तो उद्या दुसरं लग्न करेल' याचं उत्तर असं की विशेष विवाह कायद्याने लग्न केलेल्या कुणालाही, धर्म कोणताही असो, पहिलं लग्न कायम असताना दुसरं करता येत नाही. ते रद्दबातल ठरतं आणि तो गुन्हा आहे. तोंडी तलाकचाही प्रश्न उरत नाही. घटस्फोट न्यायालयातूनच होतो.

'आमच्या घरातलं काही मिळणार नाही' ही धमकी अर्धीच खरी आहे. आई-वडील स्वतः कमावलेली मालमत्ता मृत्युपत्राने हव्या त्या व्यक्तीला देऊ शकतात. हिंदू व्यक्तीने दुसऱ्या धर्मातल्या व्यक्तीशी या कायद्याने लग्न केलं की ती एकत्र कुटुंबापासून विभक्त झाली असं धरलं जातं. पण वडिलोपार्जित मालमत्तेतला तिचा हिस्सा त्यामुळे बुडत नाही.

मुलांचा धर्म कोणता, सण कसे साजरे करायचे, घरात काय शिजणार, याची उत्तरं मात्र कायदा देत नाही. ती दोघांनी आधी आपसात ठरवलेली असावीत. घरच्यांसमोर एकाने एक आणि दुसऱ्याने भलतंच सांगितलं, तर तिथेच विश्वास जातो.

दबाव कुठे संपतो आणि धोका कुठे सुरू होतो?

रडणं, अबोला, आजारपणाचं कारण पुढे करणं, मामा-काकांना बोलावून समजूत घालणं हा दबाव आहे. तो त्रासदायक असला तरी वेळ मिळाला की बऱ्याच घरांत ओसरतो. फोन काढून घेणं, नोकरी बंद करणं, आधार कार्ड आणि शाळा सोडल्याचा दाखला लपवून ठेवणं, अचानक लांबच्या नातेवाइकाकडे नेऊन ठेवणं किंवा साखरपुड्याची तारीख अलीकडे आणणं, ही धोक्याची चिन्हं आहेत. ती दिसत असतील, तर घरी सांगण्याआधी सुरक्षिततेची सोय करावी लागते आणि मूळ कागदपत्रं स्वतःजवळ घ्यावी लागतात.

सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१८ मध्ये 'शक्ती वाहिनी' प्रकरणात अशा जोडप्यांसाठी विशेष कक्ष आणि सुरक्षित निवारा उभारण्याचे निर्देश दिले. निवारा आधी एक महिना आणि धोका कायम असेल तर जास्तीत जास्त एक वर्ष मिळू शकतो. महाराष्ट्राच्या गृह विभागाने डिसेंबर २०२४ मध्ये यासाठी कार्यपद्धती ठरवली. त्यानुसार जिल्ह्यातल्या कक्षाची जबाबदारी पोलीस आयुक्त किंवा पोलीस अधीक्षकांवर आहे. तातडीच्या वेळी ११२ हा क्रमांक आहेच.

मुलगी घर सोडून गेली की पालक बहुतेक वेळा 'बेपत्ता' असल्याची तक्रार देतात. बेळगाव जिल्ह्यातल्या अशाच प्रकरणात पोलिसांनी लग्न झालेल्या सज्ञान तरुणीला ठाण्यात येऊन जबाब देण्याचा आग्रह धरला होता. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये तो चुकीचा ठरवून गुन्हा रद्द केला. दोन सज्ञान व्यक्तींनी लग्नाचा निर्णय घेतला, की कुटुंबाच्या किंवा समाजाच्या संमतीची गरज नसते, असं न्यायालयाने त्या वेळी सांगितलं. म्हणून घराबाहेर पडावंच लागलं, तर आपण सज्ञान आहोत आणि स्वतःच्या मर्जीने आलो आहोत असं वयाच्या पुराव्यासह पोलीस अधीक्षकांना लेखी कळवणं आणि त्याची पोच जवळ ठेवणं उपयोगी पडतं. तक्रार आली, तर पहिलं उत्तर त्याच कागदातून मिळतं.