पाहिलेले वेगळे, वाटलेले वेगळे

गैरव्यवहार उघड करणाऱ्यांना संरक्षण देणारा कायदा 2014 साली संमत झाला, पण तो अजून लागू झालेला नाही. त्यामुळे आतून तक्रार करणाऱ्या कर्मचाऱ्याची ढाल म्हणजे त्याचा कागदच. आणि आपले कार्यकर्ते नेमके तिथेच कमी पडतात, असे आम्हाला वाटते.

समजा, वसतिगृहातील लिपिक लिहितो, "गृहपाल आणि ठेकेदार संगनमताने मुलांचे जेवण खातात." यावर गृहपाल उलट बदनामीची नोटीस धाडेल. तेच असे लिहावे: "12 जूनच्या हजेरीपटावर 61 सह्या आहेत (पुरावा 1, पान 14). त्याच दिवसाच्या बिलात 100 ताटे आहेत (पुरावा 2). दोन्ही नोंदी मी स्वतः पाहिल्या." आता 39 ताटांचा फरक बोलतो, 'चोर' हा शब्द लागतच नाही.

स्वयंपाकीणबाईंनी सांगितलेले ते ऐकीव म्हणूनच, तारखेसह लिहावे.

संशय वेगळ्या मथळ्याखाली: "जादा रक्कम दिली गेली असावी. मात्र मंजूर संख्येवर बिल काढण्याची अट करारात असू शकते. करार मी पाहिलेला नाही, तो तपासावा." दुसरी शक्यता लिहिली की तक्रार लेचीपेची होते, असे अनेकांना वाटते. उलट त्यामुळेच चौकशी अधिकाऱ्याला पुढचा कागद कोणता मागवायचा ते कळते, आणि तो न मागवण्याची सबब उरत नाही.

मूळ रजिस्टर मात्र घरी नेऊ नये, चोरीचा आळ येतो. ते कोणत्या कपाटात आहे, एवढे नोंदवावे.