न पोहोचलेले टिपण

नव्या कचेरीत पाऊल ठेवणाऱ्यास पहिल्याच दिवशी पुष्कळ काही दिसते. कोणाच्या दालनाला दार आहे, वरिष्ठांना नावाने हाक मारतात की आडनावाने, जेवायला सारे एकत्र बसतात की हुद्द्याप्रमाणे वेगळे, हे टिपायला फारसे चातुर्य लागत नाही. चूक होते ती या खुणांचा अर्थ लावताना.

अमेरिकेतील एमआयटी या संस्थेतील प्राध्यापक एडगर शाइन यांनी संस्थेच्या संस्कृतीचे तीन थर मानले. वरचा थर दृश्य खुणांचा, त्याखालचा संस्था स्वतःविषयी जे सांगते त्या मूल्यांचा, आणि तळाचा गृहीतांचा. ही गृहीते इतकी अंगवळणी पडलेली असतात की कोणी ती बोलून दाखवत नाही. विचारल्यावरही चटकन सांगता येत नाहीत. शाइन यांना हा तळ कळला तो दोन कंपन्यांना सल्ला देताना आलेल्या अपयशातून.

पहिली कंपनी संगणक बनवणारी डिजिटल इक्विपमेंट. मॅसॅच्युसेट्स राज्यातील मेनार्ड गावी, लोकरीच्या एका जुन्या गिरणीत तिचे काम चाले. तेथील बैठकांत लोक एकमेकांचे बोलणे मध्येच तोडत, आवाज चढवत. शाइन यांनी संयमाने ऐकण्याचा उपदेश केला. सर्वांनी मान डोलावली आणि पुढच्या बैठकीत पुन्हा तेच. पुढे उलगडा झाला. वादात टिकेल तीच कल्पना खरी, आणि भांडलो तरी आपण एका कुटुंबातले, येथून कोणी बाहेर फेकला जाणार नाही, असे तेथे मनोमन मानले जाई. तो कलह म्हणजे कल्पनेची पारख होती. मग शाइन यांनी उपदेश सोडला आणि कोणाचे बोलणे तोडले गेले की त्याचा मुद्दा फळ्यावरील मोठ्या कागदावर लिहून ठेवू लागले. हे मात्र सर्वांना उपयोगी वाटले.

दुसरी कंपनी स्वित्झर्लंडमधील बाझेल येथील सिबा-गायगी, रसायने व औषधे बनवणारी. तेथे बंद दारे, शांत मार्गिका, हुद्द्याप्रमाणे भोजनाची व्यवस्था. नावीन्याला चालना हवी, असे कंपनी स्वतःच म्हणत होती. म्हणून शाइन यांनी कंपनीतल्याच काही चांगल्या प्रयोगांविषयी टिपणे लिहिली आणि ज्यांना उपयोग होईल अशा व्यवस्थापकांना वाटावीत, असे संबंधित अधिकाऱ्यास सांगितले. काही महिन्यांनी कळले की शाइन यांनी स्वतः ज्यांच्या हाती दिली त्यांच्यापलीकडे ती बहुधा गेलीच नव्हती. कारण विचारताच उत्तरे गुळमुळीत.

तो अधिकारी आळशी नव्हता आणि कंपनी खोटेही बोलत नव्हती. तेथे प्रत्येकाचे काम म्हणजे त्याचे स्वतःचे आवार. न मागता माहिती पाठवणे म्हणजे ‘तुम्हाला तुमचे काम पुरते ठाऊक नाही’ असे सुचवणे, जणू न कळवता एखाद्याच्या घरात शिरणे. ती टिपणे वाटणे त्या अधिकाऱ्यास असभ्यपणाचे वाटले असणार. संस्था बोलते एक आणि तिच्यात घडते दुसरे, अशी जागा सापडली की ढोंगाचा आरोप करण्याची घाई होते. पण बहुतेक वेळा तळातले गृहीत तेथेच हाती लागते.

आता पेढीवर वाढलेला एखादा तरुण मोठ्या कंपनीच्या खरेदी विभागात रुजू झाला, असे समजा. भाव उतरल्याची खबर मिळताच गादीवरच्या सर्वांना सांगायची, ही त्याची घरची सवय. गोदामात माल अडकून पडल्याचे त्याला दिसते आणि तो विक्री विभागाच्या प्रमुखास थेट पत्र धाडतो. उत्तर येत नाही. आठवडाभराने मात्र त्याचेच साहेब तुटक बोलू लागतात. ‘येथे चांगल्या सूचनेची कदर नाही’ असा निष्कर्ष तो काढील, तर शाइन यांना आरंभी न दिसलेले त्यालाही दिसणार नाही. भिंतीवर ‘एकजूट’ लिहिलेले आहे आणि पत्राला उत्तर नाही, या विसंगतीपाशी त्याने थांबावे. मग एखाद्या जुन्या, विश्वासू सहकाऱ्यास विचारावे: अशी खबर येथे कोणी, कोणामार्फत द्यायची असते? ‘अमुक असे का?’ या प्रश्नाला बहुधा भिंतीवरचेच उत्तर मिळते; घडलेला एक प्रसंग पुढे ठेवला, तर जुना माणूस स्वतःही नकळत पाळत आलेली रीत बोलून दाखवतो. बाहेरच्याला नवल वाटते पण अर्थ कळत नाही, आतल्याला अर्थ ठाऊक असतो पण नवल वाटत नाही; म्हणून हे वाचन एकट्याने होत नाही.

रीत कळली म्हणजे ती कायमची योग्य ठरली, असेही नव्हे. वादातून सत्य शोधणारी डिजिटल इक्विपमेंट लहान असताना झपाट्याने वाढली. पुढे ती विस्तारली, माणसे एकमेकांना पुरेशी ओळखेनाशी झाली, तसा तोच वाद निर्णयांना अडवू लागला. बाजारही बदलला होता. 1998 मध्ये कॉम्पॅकने ती विकत घेतली.