बियाणं उचलायचं अधिकारपत्र कोरं देऊ नका



बीजोत्पादनाचं पायाभूत बियाणं उचलायला गटातून एकच माणूस अकोल्याले नाहीतर अमरावतीले जातो. सगळ्यांनी जाण्यात अर्थ नाही, हे बरोबरच आहे. पण त्याच्या हाती आपण जे पत्र देतो त्यात एकच ओळ असते: "सदर व्यक्तीस माल द्यावा." माझं मत स्पष्ट आहे. असं पत्र देण्यापेक्षा न दिलेलं बरं.

एक उदाहरण घेऊ. समजा १२ सभासदांनी एकेक एकर सोयाबीनच्या बीजोत्पादनासाठी पीडीकेव्ही अंबा वाणाची मागणी केली. एकरी ३० किलोप्रमाणे १२ बॅगा झाल्या. आपला माणूस काउंटरवर पोचला आणि उत्तर मिळालं, "अंबाच्या ९ च बॅगा आहेत, ३ दुसऱ्या वाणाच्या घेऊन जा." पत्रात वाणाचं नावच नाही. गाडीभाडं तर लागलंच आहे, मागून फोन येऊन राहिले. तो १२ बॅगा घेतो, चलनावर सही करतो आणि निघतो.

आता पुढचं पाहा. बीज प्रमाणीकरणाच्या नोंदणीत बियाणं कुठून आणलं याचा पुरावा लागतो: खरेदीचं बिल, मुक्तता अहवाल आणि बॅगेवरची खूणचिठ्ठी. पायाभूत बियाण्याची खूणचिठ्ठी पांढरी असते, प्रमाणितची निळी. बिलावरचा वाण आणि लॉट नंबर खूणचिठ्ठीशी जुळला नाही, तर त्या शेतकऱ्याची नोंदणी अडकते. मग पीक कितीही चांगलं येवो, ते बाजारात धान्य म्हणूनच विकावं लागते. सही एकाची आणि नुकसान तिघांचं.

कायदाही इथं आपल्या बाजूनं येत नाही. माल विक्री कायदा, १९३० च्या कलम ३३ प्रमाणे, खरेदीदारानं ज्याला माल ताब्यात घ्यायचा अधिकार दिला त्याच्या हाती माल पडला म्हणजे तो खरेदीदाराला पोचला. "आम्ही तर पाहिलाच नाही" असं नंतर म्हणून भागत नाही.

म्हणून पत्र असं लिहा:

*"आमचे प्रतिनिधी ______, रा. ______, यांना ऑर्डर क्र. ____, दि. ____ नुसार सोयाबीन पायाभूत बियाणे, वाण पीडीकेव्ही अंबा, ३० किलोच्या १२ बॅगा, तसेच बिल व मुक्तता अहवालाची प्रत घेण्याचा अधिकार देत आहोत. बिल सोबतच्या यादीतील नावांनी करावे. वाण बदलणे, उधारीवर माल घेणे किंवा रक्कम परत घेणे याचा अधिकार त्यांना नाही. हे पत्र एकाच उचलीसाठी असून दि. ____ पर्यंतच चालेल. प्रतिनिधीची नमुना सही ______ आमच्यासमोर केली आहे."*

खाली अध्यक्षांची सही, शिक्का आणि तारीख. मूळ पत्र ऑफिसात राहू द्या, एका प्रतीवर पोच घ्या. सोबत आधारची झेरॉक्स द्यावी लागली तर तिच्यावर आडवं लिहा: "फक्त बियाणे उचलण्यासाठी", आणि तारीख टाका.

शेवटच्या तारखेवर माझा जास्त जोर आहे. भारतीय करार कायदा, १८७२ चं कलम २०८ सांगते की अधिकार काढून घेतला तरी समोरच्याला ते कळेपर्यंत त्याच्यापुरता तो चालूच राहतो. गटाचा माणूस बदलला, पण बिनतारखेचं जुनं पत्र दुकानदाराच्या फायलीत तसंच आहे. त्याच पत्रावर पुढच्या हंगामात कोणी माल नेला, तर बिल गटाच्या दारात येऊ शकते. म्हणून माणूस बदलला की दुकानदाराला लेखी कळवा आणि त्याचीही पोच घ्या.

काही जण म्हणतील, "आपलाच पोरगा हाये, त्याले कायले एवढा कागद?" भाऊ, हा कागद त्या पोराच्याच कामाचा आहे. दुसरा वाण पुढं केला तर तो पत्र दाखवून म्हणू शकतो, "मले अधिकारच नाही, अध्यक्षांशी बोला." अंबाच्या ९ बॅगा घेईल, आणि सही करायच्या आधी चलनावर लिहील: "१२ पैकी ९ बॅगा मिळाल्या, लॉट नंबर अमुक." गावात आल्यावर मग त्याच्याकडं कोणी बोट दाखवणार नाही.

उचलीला माणूस पाठवायच्या आदल्या दिवशी पत्राचा फोटो मला पाठवा. वाण, बॅगा आणि तारीख तपासून देतो.

— आपला कृषी सल्लागार