गार पाण्यातले कपडे

मावशी, परवा तुम्ही विचारलंत, "सगळं मशीनला जातं, मग या चार कपड्यांचंच एवढं काय?" प्रश्न रास्त होता आणि मी घाईत "नाजूक आहेत" म्हणून वेळ मारून नेली. आज इथेच सविस्तर लिहिते. तुम्हाला वाचायला मिळेल आणि ज्या घरांत असे कपडे बादलीशेजारी पडून राहतात, त्यांच्याही उपयोगी पडेल.

सगळ्यात आधी आजींनी विणलेले दोन लोकरी स्वेटर. लोकरीच्या प्रत्येक केसावर बारीक खवले असतात, डोळ्यांना न दिसणारे, सगळे मुळाकडून टोकाकडे झुकलेले. कोमट पाण्यात साबण लागला की केस फुगतो, निसरडा होतो, आणि वर आपण चोळलं की एकाच दिशेने सरकत शेजारच्या केसात घुसतो. खवल्यांमुळे त्याला मागे येता येत नाही. काश्मिरात नमदा करतात तो याच गुणावर. ओल्या लोकरीवर साबण आणि लाटणं, की झालं जाड घट्ट आसन. आपल्याला स्वेटर हवा आहे, आसन नको. मशीनमध्ये पाणी गरम असेल तर लवकर बिघडतं, पण नुसत्या घुसळण्यानेही बिघडतं, म्हणून "गार पाण्याचं बटण दाबते" हा मार्ग नाही.

बिघाड आधी बाहीच्या कडांवर कळतो. टाके पुसट दिसू लागतात, कापड हाताला जाड आणि ताठ लागतं. तिथेच थांबायचं. एकदा आवळलेली लोकर पुन्हा पहिल्यासारखी होत नाही, ओढून तर नाहीच.

तेव्हा असं करा. अर्धी बादली गार पाण्यात लोकरीच्या लिक्विडचा एक लहान चमचा. रोजची पावडर नको, तिच्यात सोड्याचा अंश असतो आणि तो लोकर व रेशीम दोन्हीला खातो, कारण दोन्ही प्राण्यापासून आलेली, आपल्या केसांच्या जातीची. स्वेटर पाण्यात हलके दाबायचा, सोडायचा, पाचेक मिनिटं. चोळायचं नाही, ब्रश नाही. मग तेवढ्याच गार पाण्यात दोनदा खळबळायचा. उचलताना एका बाहीने धरू नका. ओली लोकर जड असते आणि तिची ताकद कमी झालेली असते, बाही गुडघ्यापर्यंत येते. दोन्ही हातांनी गोळा उचला, पंच्यात गुंडाळून दाबा आणि सावलीत बाजेवर पसरून ठेवा. दोरीवर नको.

"गार" म्हणजे नळाचं पाणी, हे खरं. पण एप्रिल-मेमध्ये दुपारी गच्चीवरच्या टाकीतून जे येतं ते गीझरला लाजवेल असं असतं! त्या दिवसांत सकाळीच भरून ठेवलेली बादली वापरा.

आता इरकल साडी. तिच्या लाल टोपपदरावरच्या पांढऱ्या नक्षीत खरी मेख आहे. लाल रंग गळला तर तो त्या पांढऱ्यावरच बसतो. गरम पाण्यात रंग जास्त सुटतो, भिजत ठेवलं तर आणखी. म्हणून इरकल भिजत ठेवायची नाहीच. आधी पदराच्या आतल्या कोपऱ्यावर ओला पांढरा रुमाल दाबून पाहा. रुमाल लाल झाला तर साडी बाजूला ठेवा, मला सांगा. नाही झाला तरी पदर वर धरून आधी अंग धुवा, मग पदर स्वतंत्र बुचकळून लगेच उचला, ओला गठ्ठा करून ठेवू नका. मिठाच्या पाण्याचं सगळ्या बायका सांगतात. मीठ घातलं की त्या वेळी रंग थोडा कमी सुटतो, एवढंच. रंग कायमचा पक्का होत नाही.

मुलीचं रेशमी परकर-पोलकं त्याच लिक्विडमध्ये, पिळायचं नाही. तिचे ताणणारे योगाचे लेगिंग्जही यात टाका, गरम पाण्याने त्यातला इलॅस्टिक लवकर मरतो. पैठणी मात्र पाण्याला दाखवायचीच नाही, ती ड्रायक्लीनला जाईल.

हे जादा काम आहे, हे मला कळतं. महिन्यातून दोनदाच, आणि त्याचे पैसे वेगळे. कपड्यांबाबत शंका आली तर न धुता ठेवून द्या. मळकट स्वेटर चालेल. लिक्विडची बाटली मोरीच्या वरच्या फळीवर आहे, निळ्या झाकणाची.