रिकाम्या जागा कोणी भरल्या, आणि कशा?

‘अनुपलब्ध माहिती प्रमाणित पद्धतीने भरून घेतली’ एवढे एक वाक्य लिहून मोकळा होणारा शोधनिबंध विश्वासास पात्र नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. २००७ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झालेला ‘क्यूरिस्क’ हा हृदयविकाराच्या जोखमीविषयीचा निबंध पाहा. दवाखान्यांच्या नोंदींत सुमारे ७० टक्के लोकांचे एचडीएल कोलेस्टेरॉल नमूदच नव्हते. त्या जागा गणिती अंदाजाने भरल्या आणि निष्कर्ष निघाला की कोलेस्टेरॉलच्या गुणोत्तराचा हृदयविकाराशी जवळजवळ संबंध नाही! वैद्यकाच्या विद्यार्थ्यालाही हे खटकले असते. पुढे, पूर्ण नोंदी असलेल्या लोकांपुरतेच गणित केले, तेव्हा संबंध ठळक दिसला. सुधारित रीतीने जागा भरल्यावरही तो दिसला.

असा संबंध पुसला कसा जातो? अंदाज बांधताना ‘पुढे विकार कोणाला जडला’ हीच माहिती वगळली, तर भरलेला आकडा रोगी आणि निरोगी यांत भेद करीत नाही. शंभरांपैकी सत्तर आकडे असे असतील, तर उरलेल्या तिसांतला खरा संबंध त्यांत विरघळतो.

मग अपूर्ण नोंदी सरळ टाकून द्याव्यात काय? तेही सदैव निर्धोक नाही. डॉक्टर ज्याच्याविषयी शंका येते त्याचीच तपासणी बहुधा सांगतात. म्हणजे मोजलेले लोक हे सर्वांचे प्रतिनिधी नव्हेत. म्हणून दोन्ही उत्तरे शेजारी शेजारी छापा, अशी आमची मागणी आहे. ‘क्यूरिस्क’मधला दोष त्या तुलनेतूनच उघडा पडला.